नुसतं ‘नमस्कार’ लिहून गेलेल्या माणसाची नोंद किती दिवस ठेवायची?

छोट्या दवाखान्यांना आणि केंद्रांना व्हॉट्सअ‍ॅपवरची चौकशी सांभाळायची यंत्रणा बसवून देणं हा माझा धंदा. प्रत्येक ठिकाणी चॅटच्या यादीत एक मोठा ढीग सापडतो. कुणी ‘Hi’ लिहिलेलं असतं, कुणी ‘नमस्कार’, कुणी ‘राम राम डॉक्टर’. पलीकडून ‘नमस्कार, बोला’ असं उत्तर गेलेलं असतं आणि पुढे काहीच नसतं. मालकांना विचारलं की या नोंदींचं काय करायचं, तर उत्तर ठरलेलं: राहू द्या की, जागा कितीशी खातात?

जागा खरंच खात नाहीत, पण अडचण वेगळी आहे. ती मला कळली एका वंध्यत्व उपचार केंद्रामुळे. तिथल्या कुणीतरी दिवाळीला जुन्या चॅटमधले सगळे नंबर काढले आणि सर्वांना शुभेच्छांसोबत तपासणीच्या सवलतीचा संदेश पाठवला. यादीत दोन वर्षांपूर्वी फक्त ‘Hello’ लिहून गेलेली एक बाई होती. आता तो फोन घरात सगळे वापरत होते आणि संदेश आधी सासूबाईंनी वाचला. त्या बाईंनी केंद्राला फोन करून एकच विचारलं, ‘मी तुम्हाला काही सांगितलं होतं का?’ काहीच सांगितलं नव्हतं. तिचा नंबर, केंद्राचं नाव आणि तारीख एवढं एका ओळीत होतं, आणि बोभाटा व्हायला तेवढं पुरलं.

म्हणून हा लेख अशाच एका केंद्राचं उदाहरण धरून लिहितो आहे. इतर सेवांचे आकडे वेगळे निघतील, रीत तीच राहील.

आधी नोंदीत काय असतं ते बघा

व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस एपीआयवरून, म्हणजे संदेश थेट आपल्या यंत्रणेत आणणाऱ्या जोडणीवरून, संदेश आला की आपल्या सर्व्हरकडे पाठवणाऱ्याचा नंबर, त्याने प्रोफाइलला ठेवलेलं नाव, वेळ, संदेशाचा क्रमांक आणि मजकूर एवढं येतं. ‘Hi’ ही दोन अक्षरं त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. नंबर आणि तो कुठे आला, ही जोडीच खरी माहिती.

आणि मजकूर तरी दरवेळी निरुपद्रवी असतो का? आपल्याकडे नाही. ‘Hi’वरून माणसाचं काही कळत नाही. पण ‘जय भीम’, ‘जय जिनेंद्र’, ‘अस्सलाम वालेकुम’, ‘राम कृष्ण हरी’, ‘जय जिजाऊ’ यांतला कुठलाही एक शब्द नंबराशेजारी ठेवला की समाज, धर्म, पंथ किंवा निदान आपुलकी कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. अंदाज चुकूही शकतो, आणि चुकीचा अंदाज तर अजून वाईट. आपण ही माहिती मागितली नव्हती, तिचा आपल्याला उपयोगही नाही, तरी ती आपल्या खात्यात जमा झालेली असते. परदेशी सल्लागारांच्या तयार धोरणात अभिवादनाला ‘माहितीशून्य मजकूर’ समजतात, ते इथे चालत नाही ते यामुळे.

पायरी पहिली: ‘नुसतं अभिवादन’ कशाला म्हणायचं

हे नीट ठरवलं नाही तर कामाच्या नोंदी पुसल्या जातील. माझी व्याख्या अशी: माणसाने शेवटचा संदेश लिहून २४ तास झाले, त्याच्याकडून आलेला प्रत्येक संदेश अभिवादनाच्या यादीत अक्षरशः बसतो, फोटो, आवाज किंवा फाइल काहीही नाही, आणि त्या नंबरावर अपॉइंटमेंट, बिल किंवा फोन केल्याची नोंद नाही. २४ तास मनाने ठरवलेले नाहीत. माणसाने लिहिल्यापासून तेवढाच वेळ व्हॉट्सअ‍ॅप आपल्याला मोकळं उत्तर लिहू देतं. त्यानंतर मंजूर साचाच पाठवावा लागतो, त्यामुळे संभाषण संपलं असं मानायला ती सोयीची रेघ आहे.

यादीशी जुळवणी पूर्ण वाक्याची करायची. ‘नमस्कार’ हा शब्द आत आहे का, असं शोधलंत तर ‘नमस्कार, माझा रिपोर्ट आला का’ हेही ढिगात जाईल. जुळवण्याआधी मजकूर साफ करावा लागतो, कारण लोक ‘Hiiii’, ‘नमस्कार!!’, ‘हॅलो🙏’ असं लिहितात. इथे मराठीवाल्यांचा हमखास घोळ होतो. पायथनमध्ये सफाईसाठी सगळे `\w` वापरतात, पण त्यात देवनागरीच्या काना-मात्रा आणि हलन्ताची खूण धरत नाहीत. परिणामी ‘नमस्कार’चं ‘नमसकर’ होतं, यादीशी जुळत नाही आणि एकही मराठी अभिवादन पकडलं जात नाही. इंग्रजी ‘hi’ नीट पकडले जातात, म्हणून चूक लक्षातही येत नाही. अक्षराचा प्रकार पाहून गाळावं:

```python
import re, unicodedata

def saral(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s).lower()
    s = re.sub("[\u200b-\u200d\ufe0f]", "", s)
    s = "".join(c if unicodedata.category(c)[0] in "LMN" else " "
                for c in s)
    s = re.sub(r"(.)\1+", r"\1", s)
    return " ".join(s.split())

YADI = {saral(x) for x in ["hi", "hello", "good morning",
        "नमस्कार", "नमस्ते", "हॅलो", "राम राम", "जय भीम"]}

def abhivadan(s):
    return saral(s) in YADI
```

शेवटून दुसरी सफाई लागोपाठ आलेलं तेच अक्षर एकदाच ठेवते, त्यामुळे ‘hello’चं ‘helo’ होतं. यादीही त्याच चाळणीतून जाते, म्हणून बिघडत नाही. नुसती चित्रखूण आली तर मजकूर रिकामा उरतो आणि तो यादीत बसत नाही. ते तसंच असू द्या. 🙏 आणि 😭 यांत फरक आहे, तो माणसाने बघावा.

तीन गोष्टी अभिवादनासारख्या दिसतात पण नसतात. पहिली, फेसबुकवरच्या जाहिरातीतून आलेला माणूस. त्याच्या खिडकीत ‘Hello! Can I get more info on this?’ हे वाक्य आधीच भरून ठेवलेलं असतं. त्याने फक्त पाठवायचं बटण दाबलं, पण ती चौकशीच आहे. अशा संदेशासोबत एपीआयमध्ये `referral` हा भाग येतो, तो असेल तर नोंद बाजूला काढा. दुसरी, सुप्रभातचा फोटो. गुलाबाचं फूल आणि सुविचार असणार हे आपल्याला दिसतं, यंत्रणेला दिसत नाही, आणि शंभरात एखादा फोटो डॉक्टरांच्या चिठ्ठीचा निघतो. म्हणून फोटो असलेली नोंद या नियमाखाली घ्यायचीच नाही.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. सकाळी १०:०५ ला ‘हॅलो’, ११:४० ला ‘हॅलो?’, दुपारी ३:१५ ला ‘Hello??’, आणि आपल्याकडून एकही उत्तर नाही. शब्द मोजले तर तीन अभिवादनं, वाचली तर तक्रार. उत्तर न मिळता दोनपेक्षा जास्त वेळा अभिवादन आलं असेल तर ती तक्रार धरा, आणि कुणीतरी फोन करून ती मिटवेपर्यंत पुसू नका.

(संकटात सापडलेल्यांच्या हेल्पलाइनला यातलं काहीच लावू नये. तिथे रात्री दोनला आलेलं ‘हॅलो’ आणि मग शांतता याचा अर्थ पूर्ण वेगळा असतो.)

पायरी दुसरी: ती नोंद किती दिवस कामाला येते ते मोजा

नुसत्या अभिवादनाचे उपयोग थोडेच. माणूस परत आला तर ‘हे आधी येऊन गेलेत’ हे कळतं. ‘मी लिहिलं, तुम्ही उत्तर दिलं नाही’ असा वाद झाला तर वेळ दाखवता येते. महिन्याला किती जण दारातून परत फिरले, तेही मोजता येतं. तिसऱ्या उपयोगाला नंबर लागतच नाही, आकडा पुरतो. दुसऱ्यातला वाद दोन-चार दिवसांत होतो, सहा महिन्यांनी नाही. उरला पहिला, आणि तो मोजता येतो.

मागच्या सहा महिन्यांतल्या नुसत्या अभिवादनाच्या नोंदी काढा. प्रत्येक नंबर पुन्हा कधी आला ते शोधा आणि मधले दिवस एका रकान्यात लिहा. एक्सेलमध्येही होतं.

आपल्या केंद्रासाठी आकडे धरू. समजा अशा १,२०० नोंदी निघाल्या आणि त्यांतले ४२० जण पुन्हा आले. पहिल्या सात दिवसांत ३०० परतले. आठव्यापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत फक्त ३०. मग सव्विसाव्या ते अडतिसाव्या दिवसात एकदम ६६. उरलेले २४ पुढच्या महिन्यांमध्ये तुरळक. तो मधला उंचवटा का येतो ते केंद्रातल्या सिस्टर पटकन सांगतील: ‘ते जोडपं अजून एक महिना वाट बघतं. पाळी आली की परत लिहितं.’

नुसती टक्केवारी बघितली असती तर ‘पंचविसाव्या दिवसापर्यंत ३३० आले, म्हणजे जवळजवळ ७९ टक्के, महिनाभर ठेवू’ असं ठरलं असतं, आणि ३० दिवसांची कात्री नेमकी उंचवट्याच्या मध्ये बसली असती. उंचवटा संपेपर्यंत थांबलं की ३९६ जण, म्हणजे ९४ टक्के आत येतात. म्हणून या केंद्राला ४५ दिवस. उरलेल्या २४ जणांचं नुकसान काय? सत्तराव्या दिवशी कुणी ‘नमस्कार’ लिहिलं तर रिसेप्शनवरून ‘नमस्कार, बोला’ हेच उत्तर जाईल. जुनी नोंद असती तरी हेच गेलं असतं.

घरगुती डब्याच्या सेवेचा उंचवटा एक तारखेच्या आसपास असेल, क्लासचा निकालानंतर. बहुतेकांचं उत्तर ३० ते ४५ दिवसांतच येतं. कुणाचं ९० च्या पुढे गेलं तर मी आधी व्याख्या तपासतो. हमखास खऱ्या चौकशा त्यात शिरलेल्या असतात.

पायरी तिसरी: कायदा कुठे लागतो

इथे लोक दोन्ही टोकांना चुकतात. एक टोक सीएच्या सल्ल्याचं: ‘आठ वर्षं ठेवा.’ ती आठ वर्षं कंपनी कायदा, २०१३ मध्ये हिशेबाच्या वह्या आणि त्यांच्या व्हाउचरसाठी आहेत. ‘Hi’ हे व्हाउचर नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेतली तीन वर्षं दाखल रुग्णांच्या कागदपत्रांची आहेत. अभिवादन करणारा अजून रुग्णच झालेला नाही.

दुसरं टोक, ‘नको असेल तर आजच पुसा.’ वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा, २०२३ चं कलम ८ याच्या जवळ जातं. ज्या हेतूने माहिती घेतली तो संपला असं मानायला वाजवी कारण असेल तर ती पुसायची, आणि आपल्या वतीने ती सांभाळणाऱ्या कंपनीलाही पुसायला लावायची. हेतू कधी संपला याचं उत्तर आपल्याकडे आता आकड्यात आहे: ४५ दिवस. हे गणित कागदावर लिहून तारखेसह ठेवा. उद्या कुणी विचारलं की ४५ च का, तर दाखवायला तेच लागेल.

पण याच कायद्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांतल्या नियम ८ ने एक पाचर मारून ठेवली आहे. वैयक्तिक माहिती, ती कुठून कुठे कधी गेली याची माहिती आणि प्रक्रियेचे लॉग हे प्रक्रियेच्या तारखेपासून किमान एक वर्ष ठेवायचे, सरकारला कायद्याने लागले तर द्यायला, आणि नंतर पुसायचे. अधिसूचनेप्रमाणे हा नियम १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतो. नंबर ही वैयक्तिक माहिती आहे, त्यामुळे अभिवादनाची नोंदही त्यात येते असाच मी अर्थ लावतो. धोरण लिहिणाऱ्यांनी हा भाग नजरेआड करू नये. याच नियमांतली तीन वर्षांची मुदत मात्र आपल्याला लागत नाही. ती दोन कोटी नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या ई-कॉमर्स आणि समाजमाध्यम कंपन्यांना आणि पन्नास लाखांच्या गेमिंग कंपन्यांना आहे.

आणखी एक कागद आधीपासून लागू आहे. सायबर सुरक्षा बघणारी सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणेचे लॉग १८० दिवस भारतात ठेवावे लागतात. हे लॉग म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं-गेलं ते, संदेशाचा मजकूर नव्हे. लॉगमध्ये मजकूर छापला जात असेल तर प्रोग्रामरला तो बंद करायला सांगा, नाहीतर ४५ दिवसांनी टेबलातून पुसलेलं ‘जय जिनेंद्र’ लॉगमध्ये सहा महिने नांदेल.

मग हिशेब असा बसतो. मे २०२७ पर्यंत: नंबर आणि मजकूर असलेली नोंद ४५ दिवस, मग पुसायची, लॉग १८० दिवस. मे २०२७ नंतर: ४५ दिवस रोजच्या यादीत, मग कुलूपबंद जागेत, आणि संदेशाच्या तारखेपासून एक वर्ष झालं की तिथूनही पुसायची. लॉगही वर्षभर. ४५ आणि ३६५ यांत गोंधळ नको. ४५ दिवसांनी ती नोंद धंद्यासाठी मेलेली आहे. उरलेले ३२० दिवस ती फक्त कायद्यासाठी पडून आहे, आणि तिच्यातून दिवाळीची यादी काढता येता कामा नये.

कुलूपबंद म्हणजे वेगळं टेबल, वेगळा पासवर्ड, रिसेप्शनच्या खात्याला तिथे वाट नाही, आणि कुणी उघडलं तर त्याची नोंद. चालू टेबलात ‘archived’ अशी खूण करणं म्हणजे कुलूप नव्हे. एक्सेलला निर्यात केलं की ती खूण कुणी बघत नाही. त्या दिवाळीच्या यादीतही सगळ्या नोंदींना ती खूण होतीच.

पायरी चौथी: आकडे ठेवा, माणसं नको

पुसण्याआधी दिवसाचा आकडा वेगळा लिहून ठेवा: तारीख, किती जण नुसतं अभिवादन करून गेले, उत्तराला सरासरी किती मिनिटं लागली. हा तक्ता कितीही वर्षं ठेवा, त्यात कुणी नाही. अभिवादनाचा प्रकार मात्र मोजू नका. ‘या महिन्यात जय भीम किती’ हा तक्ता छोट्या गावात कुणाच्या कामाचा असेल ते सांगायला नको.

प्रोग्रामर इथे सुचवतो, ‘नंबराचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली सांकेतिक ओळ, करून ठेवू, मग तो नंबर राहत नाही.’ राहतो. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता. माणसाला हा आकडा प्रचंड, पण साधा हॅश असेल तर संगणक त्या सगळ्या करून बघतो आणि नंबर परत काढतो. परत आलेल्यांची मोजणी ४५ दिवसांच्या आतच करून टाका, मग हॅशची गरजच उरत नाही.

पायरी पाचवी: खरंच पुसलं गेलं का

टेबलातून पुसणं सोपं आहे. रोज रात्री एक छोटं काम चालतं:

```sql
DELETE FROM chats
WHERE kind = 'greet_only'
  AND last_in_at < now() - interval '45 days';
```

मे २०२७ नंतर याच्या आधी कुलूपबंद टेबलात नक्कल करायची एक ओळ वाढेल. खरी नोंद इतरत्र लपलेली असते. डेटाबेसचा बॅकअप ३५ दिवस ठेवत असाल तर ४५ व्या दिवशी पुसलेला माणूस ८० व्या दिवसापर्यंत बॅकअपमध्ये आहे. चालेल, पण धोरणात ८० लिहा. आणि सर्व्हर बिघडून बॅकअप परत चढवला की पुसलेले सगळे उठून बसतात. चढवल्यानंतर पहिलं काम म्हणून हीच आज्ञा पुन्हा चालवा.

सगळ्यात चिवट नक्कल ईमेलमध्ये असते. ‘नवीन चॅट: ९८… यांच्याकडून: नमस्कार’ अशी सूचना दर वेळी मॅनेजरच्या जीमेलला जाते आणि तिथे वर्षानुवर्षं पडते. सूचनेत नंबर आणि मजकूर न पाठवता ‘एक नवीन चॅट आहे’ एवढंच पाठवा. त्याखालोखाल रिसेप्शनचा फोन. तिथे कुणीतरी ते नंबर सेव्ह केलेले असतात, ‘Hi पेशंट सांगली २’ असल्या नावांनी, आणि तो फोन कुणाच्या तरी वैयक्तिक गूगल खात्याला जोडलेला असतो. नोकरी सोडली की यादी त्यांच्यासोबत जाते. फोन केंद्राच्या खात्यावर घ्या, नंबर सेव्ह करणं बंद करा.

तपासायची युक्ती साधी आहे. घरातल्या कुणाच्या तरी नंबरावरून आज केंद्राला ‘राम राम’ लिहा आणि कॅलेंडरवर ४६ व्या दिवसाची खूण करा. त्या दिवशी तो नंबर चॅटच्या यादीत शोधा, जीमेलमध्ये शोधा, रिसेप्शनच्या फोनमध्ये शोधा, शेअर केलेल्या शीटमध्ये शोधा. पहिल्या खेपेला मला एका ठिकाणी तो पाच जागी सापडला होता. पाचवी जागा म्हणजे रिसेप्शनच्या टेबलावरची वही. त्यात निळ्या शाईने नंबर होता, आणि पुढे कंसात लिहिलं होतं: काही बोलले नाहीत.